तीन बल्बांचा उजेड

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चितेगावच्या त्या छोट्या कारखान्यात झाडलोट चालली होती. हत्यारं पुसून, तेल लावून एका फळीवर मांडायची, दुसऱ्या दिवशी मालक काकासाहेब त्यांना हळद-कुंकू वाहणार. फिटर जब्बारभाई हे काम दरवर्षी अंगावर घ्यायचे. पूजा साहेबांची, पण पाना माझा, असं ते म्हणायचे. त्यांच्या हातून पुसल्याशिवाय एकही पाना फळीवर चढत नसे.

वहिदा तिच्या टेबलापाशी बसून तपासणीची वही भरत होती. पाठीमागच्या बाकावर दुसरा डबा सकाळपासून चालू होता. डबा म्हणजे तिनंच बांधलेलं यंत्र. ट्रकच्या चार बॅटऱ्यांचे अठ्ठेचाळीस व्होल्ट आत घ्यायचे आणि एकशे ब्याण्णव बाहेर द्यायचे. पहिला डबा कालच कन्नडला पोचला होता, तिच्या अब्बाकडे.

कन्नडच्या आठवडी बाजारात कमरोद्दीन यांचं बांगड्यांचं दुकान होतं. बाजार ऐन भरात असताना वीज जायची, मग सगळे गॅसबत्त्यांना पंप मारत बसायचे. त्यांनीच मुलीला विचारलं होतं, तू एवढी शिकलीस, आमच्या दहा दुकानांपुरता उजेड काढून देशील का? वहिदानं हिशोब मांडला. बॅटऱ्या एका टोकाला, दुकानं लांबवर. व्होल्टेज चढवून पाठवलं तर तार बारीक चालते. काकासाहेब म्हणाले, दोन नमुने बांधा, चालले तर पुढं बघू. जब्बारभाई काल जाऊन तारा ओढून आले. आज बाजाराचा दिवस, डब्याची पहिली संध्याकाळ.

डब्याचं काम तसं साधं होतं. आत तांब्याची एक कॉइल आणि एक मॉसफेट, म्हणजे सेकंदाला पन्नास हजार वेळा उघडझाप करणारी कळ. कळ मिटली की कॉइलमधला प्रवाह वाढत जातो. कळ उघडली की कॉइल तो प्रवाह सोडायला तयार नसते. ती बॅटरीच्या डोक्यावर आपला जोर चढवते आणि सगळं पुढच्या कपॅसिटरमध्ये, वीज साठवून धरणाऱ्या नळकांड्यात, ओतते. दर फेरीतला किती वेळ कळ मिटलेली ठेवायची, ती ड्यूटी. वहिदानं ती तीन चतुर्थांशावर बांधून टाकली होती. वीस मायक्रोसेकंदांची फेरी. पंधरा मिटलेली, पाच उघडी. पंधरा भाग अठ्ठेचाळीसनं चढायचं, तर पाच भागांत तेवढंच उतरायला एकशे चव्वेचाळीसचा उतार हवा. बॅटरीचे अठ्ठेचाळीस आणि वरचे एकशे चव्वेचाळीस, झाले एकशे ब्याण्णव. ड्यूटी ठरली की व्होल्टेज ठरलं. एका ओळीत मावणारं हे गणित तिला फार आवडायचं.

तपासणीत गणित खरंही ठरलं होतं. बाकावर चाळीस वॅटचे दहा बल्ब होते. दहाही लावले तेव्हा काटा एकशे अठ्ठ्याऐंशीवर, सात बंद केले तरी एकशे नव्वदवर. काटा असा एका जागी राहतो तर बाहेरचं व्होल्टेज बघून ड्यूटी कमीजास्त करणारी जोडणी कशाला? नमुन्यात ती नको, असं तिनंच ठरवलं होतं.

तीनच्या खाली तिनं कधी बघितलं नव्हतं. बाकावरच्या दहा बल्बांपैकी सातांना बटणं होती. उरलेले तीन बाकाच्या वरच, थेट तारेवर होते, कारण त्या कोपऱ्यात खिडकी नव्हती आणि त्यांच्याच उजेडात बाकावरचं काम चालायचं. पाच वर्षांत जे यंत्र बाकावर आलं, त्यानं आधी हे तीन बल्ब पेटवले. त्यांना कुणी भार समजतच नव्हतं. तो खोलीचा उजेड होता.

चार वाजले असतील. सातही बटणं बंद होती, नुसते वरचे तीन बल्ब जळत होते. वहिदाच्या वहीवरचा उजेड एकाएकी पांढरा झाला. तिनं मागं वळून पाहिलं. जब्बारभाई स्टुलावर उभे होते. एक बल्ब काढून त्यांनी खिशात टाकला होता आणि दुसऱ्याला फडकं गुंडाळत होते. वर्षाची धूळ, उद्या पूजा. बल्ब तरी का मळके ठेवायचे? मीटरचा काटा दोनशे तीसवर होता.

"भाई, काय केलंत?" एवढंच तिनं विचारलं.

"पुसतोय, दुसरं काय," म्हणत त्यांनी दुसरा बल्ब फिरवून काढला.

उरलेल्या एकाकडे बघवेना. काटा तीनशेच्या पट्टीपलीकडे जाऊन खिळ्याला टेकला. त्या बल्बाची तार तुटली, क्षणभर खोली अंधारली आणि बाकावर गोळी सुटल्यासारखा आवाज झाला.

बाकाकडची बॅटरीची कळ वहिदानं चाचपडत ओढली. जब्बारभाई स्टुलावरून खाली बसले होते. हवेत पांढरी वाफ आणि मासळी कुजल्यासारखा उग्र वास. कपॅसिटरचं ॲल्युमिनियमचं टोपण सुटून छताच्या पत्र्याला लागलं होतं आणि पत्र्याला पोचा पडला होता. जब्बारभाईंच्या गालावर एक बारीक ओरखडा, त्यातून रक्त येत होतं. बोटभर वर लागलं असतं तर डोळा होता.

"मी तर फक्त बल्ब काढले," जब्बारभाई म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता.

 वहिदाचं डोकं एकाच वेळी दोन ठिकाणी होतं. एकीकडे गणित उलगडत होतं. कॉइल दर फेरीला आपला ठरलेला घोट भरते आणि कपॅसिटरमध्ये ओतते. पुढं कुणी पितंय की नाही, हे ती बघत नाही. बल्ब पुरेसे असतील तर प्रवाह कधी शून्यावर येत नाही आणि ते एका ओळीचं गणित चालतं. बल्ब कमी झाले की फेरी संपण्याआधीच कॉइल रिकामी होते, आणि तिथून पुढं ड्यूटी काहीच ठरवत नाही. मग जेवढं ओतलं जातं तेवढं जाळणारा कुणी भेटेपर्यंत व्होल्टेज चढत राहतं. ओतणं साठ-सत्तर वॅटचं. एकही बल्ब नसेल तर सगळं कपॅसिटरच्या पोटात. कपॅसिटरची सोसायची मर्यादा अडीचशे व्होल्ट. पापणी लवायच्या आत ती ओलांडली जाणार.

दुसरीकडे तिला अब्बा दिसत होते. मागच्या जुम्म्याला जेवताना तिनं त्यांना समजावलं होतं. दहा बल्ब चालू असताना डब्याची कळ ओढायची नाही, मोठी ठिणगी पडते, कळेचे ओठ जळतात. आधी दिवे काढायचे, मग डबा बंद. अब्बांनी ते दोनदा म्हणून घेतलं होतं. आधी दिवे, मग डबा. त्यांनी ते दहाही दुकानदारांना पढवलं असणार, हे तिला माहीत होतं. मुलीनं सांगितलेली गोष्ट ते अशी सांगायचे की ऐकणाऱ्याला मोडायची हिंमत होऊ नये. शिवाय तिनं आणखी एक सांगितलं होतं. काट्यावर नजर ठेवा. डबा त्यांच्या बैठकीला लागून होता, मीटर खाली होतं आणि अब्बांची नजर अधू. काटा वाचायला ते जाळीच्या झाकणावर वीतभर अंतरावर वाकणार. जाळीच्या खाली, अगदी मधोमध, तोच कपॅसिटर.

बाजारातल्या होल्डरांना बटणं नव्हती. ज्याचा बल्ब त्यानं सकाळी घरून आणायचा आणि उठताना काढून न्यायचा, अशी तिथली रीत ठरली होती. म्हणजे संध्याकाळी एकेक जण एकेक बल्ब काढत जाणार.

तिनं कन्नडच्या नानासाहेबांच्या किराणा दुकानाला फोन लावला. बाजाराजवळ तेवढाच एक नंबर तिच्याकडे होता. घंटी वाजत राहिली. दसऱ्याच्या गर्दीत गल्ल्यामागचा फोन कोण उचलणार? तिनं पाच वेळा लावला. सहाव्यांदा लावायला हात गेला तेव्हा काकासाहेबांनी रिसीव्हर तिच्या हातातून काढून घेतला. त्यांनी छताचा पोचा पाहिला होता, जब्बारभाईंचा गालही. काही न विचारता त्यांनी जीपची किल्ली घेतली, आणि फोनपाशी जब्बारभाईंना बसवलं.

चितेगावहून शहर, शहरातून दौलताबादचा रस्ता. छावणीपाशी झेंडूच्या टेम्पोंनी वाट अडवली होती. काकासाहेब शिव्या देण्यात पटाईत होते, पण आज गप्प होते, आणि त्यामुळे तिला जास्त भीती वाटत होती. एकदाच त्यांनी विचारलं, अंधार किती वाजता पडतो? वहिदा म्हणाली, सव्वासहाला दिवे लागतील. दुकानदार उठतात कधी? साडेसातपासून.  खुलताबादच्या चढावर उसाच्या दोन बैलगाड्या पुढं होत्या आणि त्यांच्यामागं जीप पायी चालल्यासारखी चालली. वेरूळ मागं पडलं तेव्हा सूर्य गेला होता. तिच्या मांडीवर वही होती. सोबत कधी घेतली ते आठवत नव्हतं. तिच्या बारीक अक्षरात शेवटची ओळ होती, भार कमी केल्यास व्होल्टेज स्थिर. त्याखाली तिची सही.

कन्नडला पोचले तेव्हा सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वीज गेलेली होती. बाजाराच्या तोंडाशी जीप अडकली. वहिदा उतरून निघाली. तिनं डोकं वर करून आधी डब्याच्या दिव्यांची ओळ शोधली. गॅसबत्त्यांच्या निळसर उजेडापलीकडे पिवळे ठिपके होते. पाच.

ती धावू शकत नव्हती. पाट्या, पोती, सामान बांधणारी माणसं. कुणीतरी झेंडूची टोपली डोक्यावर घेऊन समोर आलं आणि ठिपके दिसेनासे झाले. टोपली गेली तेव्हा चार होते. चारही तसेच पिवळे, शांत. अजून काही दिसत नाही, तिच्या मनात आलं, म्हणूनच तर ते काढत जातील. आजवर बाकावरही असंच झालं होतं. शेवटपर्यंत काही कळत नाही.

तीन. मिठाईवाल्यानं बल्ब काढून रुमालात गुंडाळला, तिनं स्पष्ट पाहिलं. तिनं हाक मारली, पण समोर भोंग्यावर कुणी साड्यांचे भाव सांगत होतं. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. मधल्या रांगेतून जाता येईना म्हणून ती भांडीवाल्याच्या ताडपत्रीवरून गेली. त्यानं शिवी दिली.

मग उजेड बदलला. सगळ्या रांगेवर पांढरा, कोरा उजेड पडला. दोन उरले होते, एक झेंडूवाल्या भागूबाईचा आणि एक अब्बांचा. भागूबाई पाट्या रचून उभी होती. तिनं वर बघितलं आणि हसली.

"बघा कमरोद्दीनभाई, गिऱ्हाईक गेलं अन् उजेड लई आला. आता काय फुलं मोजू का रातभर?"

अब्बा हसले. मग तिला भीती होती तेच त्यांनी केलं. चष्मा कपाळावर सारला आणि काटा बघायला डब्यावर वाकले. जाळीवरून उलटून येणारा पांढरा उजेड त्यांच्या दाढीवर पडला होता.

भागूबाईनं पदर हाताला गुंडाळला आणि तापलेल्या बल्बाकडे हात नेला.

"भागूमावशी, हात नका लावू," वहिदा म्हणाली. ती ओरडली नव्हती. भोंगा मध्येच थांबला होता म्हणून ते ऐकू गेलं. भागूबाईचा हात तसाच वर राहिला. "बल्ब राहू द्या. अब्बा, मागं सरा आणि कळ ओढा."

अब्बांनी मान वर केली. मुलगी इथं कशी, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांच्या आणि तिच्या मध्ये बांगड्यांचे खोके छातीएवढे रचलेले होते. तिला पलीकडे जाता येत नव्हतं.

"बेटा, अजून दोन दिवे आहेत," ते समजावत म्हणाले. "आधी दिवे, मग डबा. तूच सांगितलं ना. कळ जळंल."

"जळू द्या."

"अगं काढते ना मी, एकच तर..." भागूबाई म्हणाली. पदर अजून तिच्या हाताला होता.

"मावशी, नाय." वहिदाच्या तोंडून ते गावाकडच्या बोलीत निघालं. "तुम्ही तो काढला की हा डबा फुटतोय. अब्बा, मी चुकीचं सांगितलं होतं. माझं चुकलं. ओढा."

आजवर तिनं अब्बांना असं वाक्य कधी सांगितलं नव्हतं. अब्बा तिच्याकडे बघत राहिले. दोन, तीन श्वास. त्या वेळात बल्बांची बारीक तार कधीही तुटू शकते, हे तिला माहीत होतं. एक तुटली की दुसरी तिच्या मागोमाग जाणार, आणि मग फक्त ते बोटाएवढं टोपण आणि अब्बा.

अब्बांनी हात लांब केला, तोंड फिरवलं आणि कळ ओढली.

ठिणगी पडली. टिकलीएवढी, निळी. जिच्यासाठी तिनं सगळा नियम उलटा बांधला होता, ती एवढीशी. दोन्ही बल्ब लाल झाले आणि विझले. त्यांनीच कपॅसिटर रिता करून टाकला. अंधार पडला. वहिदा खोक्यांना टेकून खाली बसली.

काकासाहेब टॉर्च घेऊन पोचले तोवर आसपासचे चार-पाच दुकानदार जमले होते. अब्बांनी झाकणाकडे बोट दाखवून विचारलं, काय होणार होतं? तिनं दुपारचं सगळं सांगितलं, जब्बारभाईंचा गाल, छताचा पत्रा. मिठाईवाला म्हणाला, पण आम्ही आठ जणांनी काढले तेव्हा तर काही झालं नाही. तिनं मान हलवली. तेच तर होतं. आठ जणांना काही होत नाही. जो शेवटी उठतो, त्याच्यावर येतं.

शेवटी कोण उठतं हे सगळ्यांना माहीत होतं. अब्बा खोक्यांना दोरी बांधत राहिले. गाठ नीट बसेना. दोनदा सुटली.

"मावशीनं हात लावला असता तर?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही वाकलेले होता," वहिदा म्हणाली.

भागूबाईनं अंधारात चाचपून आपला बल्ब काढला आणि तो थंड असल्याचं बघून पदरात टाकला. "बाई, पुढच्या बाजाराला मी माझी गॅसबत्तीच आणीन," ती म्हणाली. त्यात थट्टा नव्हती, राग नव्हता. 

डबा जीपमध्ये ठेवताना काकासाहेब म्हणाले, पूजा झाली की बघू. वहिदा म्हणाली, पूजेच्या फळीवर हा डबा ठेवायचा नाही. त्यांनी हो म्हटलं.

दसऱ्यानंतर बारा दिवसांनी नवा डबा बाकावर चढला. आता त्यात बाहेरचं व्होल्टेज मोजून ड्यूटी आवळणारी जोडणी होती, शिवाय दोनशे दहाच्या वर गेलं तर कळ मिटणंच बंद करणारी दुसरी, पहिलीवर अजिबात विश्वास न ठेवणारी. कपॅसिटरवर उरलेली वीज हळूहळू जाळणारा एक रेझिस्टर कायमचा बसला होता. बाकाच्या वरच्या तीन बल्बांना जब्बारभाईंनी बटणं लावली. खोलीच्या उजेडासाठी वेगळी ट्यूब आली. गालावरची खूण अजून दिसत होती, आणि आता ते बाकाकडे यायचे तेव्हा आधी सगळ्या बटणांकडे बघायचे.

वहिदानं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. जब्बारभाई दारातच थांबले, आणखी मागं जाईनात. तिनं लाकडी पेटी कपॅसिटरवर पालथी घातली, डोळ्यांवर चष्मा लावला. सात बल्ब बंद केले. आठवा. काटा एकशे ब्याण्णव. नववा. काटा हलला, परत आला.

दहाव्या बटणावर तिचं बोट होतं. पेटीवर आता अब्बा वाकलेले नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं, तरी ती पेटीकडेच बघत होती.  तिनं बटण दाबलं.

काटा थरथरला. एकशे अठ्ठ्याण्णव. मग सावकाश, काही घाई नसल्यासारखा, तो खाली आला आणि एकशे ब्याण्णववर थांबला. तिनं घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली. काटा तिथंच होता. तिचं बोट अजून बटणावर होतं.

"झालं का?" जब्बारभाईंनी दारातून विचारलं.

"अजून एकदा," ती म्हणाली, आणि दहाही बल्ब पुन्हा लावले.